सायबर कॅफेत जीमेल उघडं राहिलं तर काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

माझी भाची खंडव्याहून परीक्षेच्या तयारीसाठी इंदूरला आली आहे, भंवरकुआंजवळ खोली घेऊन राहते. एका दुपारी तिचा फोन आला. "मामा, सायबर कॅफेत होते. मार्कशीट आणि मूल निवासीची प्रिंट काढायची होती म्हणून जीमेल उघडलं. तेवढ्यात लाइट गेली, सगळं बंद पडलं, मी पैसे देऊन निघून आले. आता आठवतंय, लॉगआउट केलंच नव्हतं. पण कॉम्प्युटरच बंद पडला ना, म्हणजे काळजी नाही ना?"

काळजी आहे. त्या दिवशी फोनवर तासभर बसून आम्ही दोघांनी जे केलं, ते इथे क्रमाने लिहितो. इंदूरला नव्याने आलेल्या आणि फॉर्म भरायला, प्रिंट काढायला कॅफे नाहीतर एमपी ऑनलाइनच्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते. उदाहरण गूगल खात्याचं घेतो, कारण बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंका आणि ओटीपी याच मेलवर येतात. मेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकीचंही जातं.

आधी लाइट गेल्यावर नेमकं काय होतं ते समजून घ्या. जत्रेत तिकीट दाखवलं की हातावर शिक्का मारतात, मग दिवसभर कितीही वेळा आत-बाहेर करा, तिकीट कुणी मागत नाही. लॉगिनचं तसंच आहे. पासवर्ड एकदाच विचारला जातो. तो बरोबर असला की गूगल ब्राउझरला एक शिक्का देतं, त्याला कुकी म्हणतात, आणि तो शिक्का चालू आहे तोवरच्या काळाला सेशन. कुकी कॉम्प्युटरच्या डिस्कवर लिहिलेली असते. टॅब बंद करा, वीज जाऊ द्या, ती तिथेच राहते. लाइट आली की पुढचा गिऱ्हाईक क्रोम उघडतो, क्रोम विचारतं की मघाची पानं परत उघडू का, आणि त्याने हो म्हटलं की तुमचा इनबॉक्स त्याच्यासमोर. लॉगआउट केल्याने हा शिक्का गूगलच्या दफ्तरातच रद्द होतो.

म्हणजे मागे तीन वेगवेगळ्या गोष्टी राहिलेल्या असू शकतात. पहिली, तो शिक्का. दुसरी, तुमचा पासवर्ड, जो ब्राउझरने जपून ठेवला असेल किंवा कीबोर्डवरचं टायपिंग टिपणाऱ्या एखाद्या छुप्या प्रोग्रामने उचलला असेल. तिसरी, खातं उघडं असताना कुणी आत करून ठेवलेले बदल. या तिघांचे उपाय वेगळे आहेत. पासवर्ड बदलला म्हणजे झालं, असं बहुतेक जण समजतात आणि तिसऱ्याकडे बघतच नाहीत.

पहिलं काम: स्वतःच्या फोनवरून सेशन बंद करणं

लगेच कॅफेकडे धावत जाऊ नका. भाची निघालीच होती, तिला मी थांबवलं. पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली असती, आणि हेच काम फोनवरून अर्ध्या मिनिटात होतं. फोनचं स्वतःचं इंटरनेट चालू करा. सेटिंग्जमध्ये Google, मग Manage your Google Account, आणि तिथे Security चा भाग उघडा. खाली सरकत गेलात की Your devices दिसेल, त्यात Manage all devices. थेट जायचं असेल तर ब्राउझरमध्ये हा पत्ता टाका:

```
myaccount.google.com/device-activity
```

इथे तुमचं खातं सध्या कुठे कुठे उघडं आहे आणि गेल्या काही आठवड्यांत कुठे उघडलं होतं, याची यादी असते. भाचीच्या यादीत सर्वात वर तिचा फोन होता. खाली Windows नावाच्या ओळी होत्या, एक नव्हे, दोन. पहिलीची वेळ दुपारी 2 वाजून 20 मिनिटं, म्हणजे आजची. दुसरी अकरा दिवसांपूर्वीची. विचार करता करता तिला आठवलं की त्या दिवशी दुसऱ्याच एका दुकानात तिने एक फॉर्म भरला होता. तिथेही लॉगआउट राहिलं होतं. अकरा दिवस ते दार उघडंच होतं आणि तिला पत्ता नव्हता.

आजच्या ओळीत ठिकाण भोपाळ दिसत होतं, ते बघून ती घाबरली. इतक्यात भोपाळहून कोण घुसलं? कुणी नाही. हे ठिकाण इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या पत्त्यावरून अंदाजाने काढलेलं असतं, त्यामुळे इंदूरचा कॅफे भोपाळचा किंवा आणखी कुठला दिसू शकतो. ओळख पटवायची ती वेळेवरून आणि ब्राउझरच्या नावावरून. वेळ आठवत नसेल तर कॅफेची वही कामी येते. सायबर कॅफेसाठी 2011 चे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यांच्याप्रमाणे कॅफेवाल्याने ओळखपत्र बघून गिऱ्हाइकाचं नाव, कोणत्या नंबरच्या कॉम्प्युटरवर बसवलं, किती वाजता बसला, किती वाजता उठला, हे नोंदवायचं असतं आणि ही नोंद किमान एक वर्ष ठेवायची असते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, बसताना कॉम्प्युटरचा नंबर आणि वेळ फोनमध्ये टिपून ठेवा. वही भरून घ्यायला कंटाळू नका, ती तुमच्याही उपयोगाची आहे.

काही बंद करण्याआधी यादीचा स्क्रीनशॉट घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा. मग प्रत्येक Windows च्या ओळीवर जाऊन Sign out दाबा. एकाच नावाखाली दोन-तीन सेशन एकत्र दाखवलेले असतात, ते प्रत्येक वेगळं उघडून बंद करावं लागतं. बंद केल्यावरही ती ओळ काही दिवस यादीत दिसते, पण साइन आउट झाल्याचं लिहून येतं. ते बघून पुन्हा पुन्हा दाबत बसू नका.

दुसरं काम: लगेच पासवर्ड

सेशन बंद केल्याने शिक्का रद्द झाला, पण कॅफेच्या मशीनला पासवर्ड माहीत झाला असेल तर नवा शिक्का मिळवायला त्याला एक मिनिट पुरे. म्हणून मध्ये चहालासुद्धा उठू नका. त्याच Security च्या भागात पासवर्डची ओळ आहे, तिथून बदला. आणि तो फोनवरूनच बदला. कॅफेच्या मशीनवर बसून बदलला, तर टिपणारा प्रोग्राम नवा पासवर्डही टिपणार. ही चूक मी फार जणांना करताना पाहिली आहे. बिचारे जागरूक असतात, उठण्याआधी तिथेच पासवर्ड बदलतात, आणि निश्चिंत होऊन घरी जातात.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांनी घरच्या किंवा विश्वासातल्या माणसाच्या फोनवर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे बंद केली की शिक्के जपून न ठेवणाऱ्या खिडकीत, हे काम करावं आणि संपल्यावर लॉगआउट करावं. दुसरा कॅफे शोधू नये.

भाचीचा जुना पासवर्ड म्हणजे नाव, मग @, मग जन्मसाल. तिने नवा करताना शेवटी एक अंक वाढवला. मी म्हटलं, "अगं, जुना ज्याला माहीत आहे त्याचा पहिला अंदाज हाच असणार." मग एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द निवडायला लावले, चिंच, पाटा, तिकीट, गच्ची अशा धर्तीचे, रोमन अक्षरांत सलग लिहिलेले. अर्थात हेच चार नव्हेत, आणि तुम्हीही हे घेऊ नका. असा पासवर्ड लांब होतो, लक्षात राहतो, आणि नाव-साल माहीत असलेल्याला त्या माहितीचा काहीच उपयोग होत नाही. जुना पासवर्ड तिने कॉलेजच्या पोर्टललाही ठेवला होता, तिथेही बदलला.

पासवर्ड बदलल्यावर गूगल बाकी बहुतेक ठिकाणांहून आपोआप साइन आउट करतं. बहुतेक म्हटलं, कारण साइन इन करताना तुमची ओळख पटवायला जी उपकरणं वापरली जातात ती आत राहतात, आणि खात्याची परवानगी दिलेली काही बाहेरची अॅपंही टिकतात. म्हणून परत एकदा उपकरणांच्या यादीत जा. आता तिथे चालू असलेल्या सगळ्या ओळी तुमच्या ओळखीच्या असायला हव्यात. भाचीच्या यादीत फक्त तिचा फोन उरला होता.

तिसरं काम: आत काही बदललं आहे का

याला वेळ द्या, कारण इथलं काही सेशन बंद करून किंवा पासवर्ड बदलून जात नाही.

आधी रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल बघा. पासवर्ड विसरलात तर परत आत यायचा कोड इथे जातो. भाचीच्या खात्यात रिकव्हरी नंबर शेवटी 47 असलेला होता. तो ना तिचा, ना तिच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा. पाच मिनिटं कुणालाच कळेना. मग ताईला आठवलं, बारावीनंतर खंडव्यात फॉर्म भरताना दुकानदारानेच हे जीमेल काढून दिलं होतं, आणि नंबर त्याने स्वतःचा टाकला होता. वाईट हेतूने नसेल, ओटीपी पटकन मिळावा आणि रांग पुढे सरकावी म्हणून दुकानांत असं सर्रास करतात. पण अर्थ असा की गेली काही वर्षं त्या दुकानदाराला वाटलं असतं तर तो तिच्या खात्यात शिरू शकला असता. तुमचंही खातं कुणी दुकानात काढून दिलं असेल तर आजच हा नंबर तपासा.

तो काढून तिथे तिचा नंबर टाकला, रिकव्हरी ईमेलमध्ये ताईचा. यात एक बारकावा आहे. नंबर बदलला तरी पुढचे 7 दिवस गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. चोराने नंबर बदलला तर खऱ्या मालकाला परत येता यावं, यासाठी ही सोय आहे. आपल्या बाबतीत ती उलटी पडते. म्हणून हे 7 दिवस साइन इनची सूचना आली की दुर्लक्ष करायचं नाही.

मग फॉरवर्डिंग. कुणी तुमच्या जीमेलमध्ये दुसरा पत्ता घालून ठेवला, तर येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत त्याला जात राहते. पासवर्ड दहा वेळा बदला, ती जातच राहते. फिल्टरही असाच. बँकेचं मेल आलं की वाचलेलं म्हणून खूण कर आणि कचऱ्यात टाक, असा फिल्टर कुणी लावला तर तुम्हाला मेल आलेलं कळणारसुद्धा नाही. हे तपासायला फोनवरचं अॅप पुरत नाही, जीमेल कॉम्प्युटरवर उघडावं लागतं. भाचीने संध्याकाळी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर इन्कॉग्निटो खिडकीत ते उघडलं. वर चक्राच्या चिन्हात See all settings, त्यात Forwarding and POP/IMAP, आणि Filters and Blocked Addresses. दोन्ही ठिकाणी ओळखीचं नसेल ते काढून टाकायचं. तिच्याकडे काही निघालं नाही. इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे बारीक अक्षरांत Details असतं, ते दाबलं की मेल अलीकडे कोणत्या वेळी, कोणत्या ब्राउझरमधून उघडलं गेलं ते दिसतं. दुपारी 2:20 नंतर तिचा फोन आणि हा लॅपटॉप सोडला तर कुठलीच नोंद नव्हती. त्या कॅफेत पुढच्या गिऱ्हाइकाने तिचं मेल उघडलं नव्हतं, हे तिथे कळलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

शेवटी पासकीची यादी. पासकी म्हणजे पासवर्डऐवजी त्या उपकरणाच्याच कुलपाने, पिन किंवा बोटाच्या ठशाने, होणारं लॉगिन. हल्ली लॉगिन झाल्यावर पासकी बनवा असं विचारतात आणि घाईत हो दाबलं जातं. कॅफेच्या कॉम्प्युटरवर पासकी बनली तर त्या कॉम्प्युटरचं कुलूप ज्याला उघडता येतं त्याला तुमचं खातंही उघडता येतं, आणि पासवर्ड बदलल्याने पासकी जात नाही. Security च्या भागातच ही यादी आहे. अनोळखी असेल ती काढा. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, चालू असेल तर त्याच्या पानावर जाऊन विश्वासू ठरवलेली उपकरणंही रद्द करा, कारण या उपकरणावर पुन्हा विचारू नका या ओळीपुढची बरोबरची खूण बहुतेक वेळा आधीच केलेली असते.

कॅफेत परत कशासाठी जायचं

फोनवरून जे होत नाही, त्यासाठी दुसऱ्या दिवशी भाची कॅफेत गेली. तिने उतरवलेल्या पीडीएफ फाइली त्या मशीनच्या Downloads मध्ये पडलेल्या होत्या. सेशन बंद केल्याने डिस्कवरची फाइल जात नाही. मालकाला विचारून, त्याच्यासमोर, तिने क्रोममध्ये `Ctrl+J` दाबून कोणत्या फाइली उतरवल्या ते पाहिलं, फोल्डरमधून त्या `Shift+Delete` ने काढल्या. अकरा दिवसांपूर्वीच्या दुकानातही गेली. तिथे तिच्या ई-आधारची फाइल सापडली. तिला वाटत होतं, त्याला तर पासवर्ड असतो. असतो, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल एवढाच. फाइलच्या शेजारीच नाव आणि जन्मतारीख असलेली मार्कशीट पडलेली असेल तर तो पासवर्ड नसल्यासारखाच.

तिथे आणखी एक गोष्ट बघायची असते. जीमेल उघडणं वेगळं आणि क्रोममध्येच तुमचं खातं जोडून सिंक चालू करणं वेगळं. सिंकला हो म्हटलं असेल तर तुमच्या फोनवर जपलेले सगळे पासवर्ड त्या मशीनवर उतरलेले असू शकतात, आणि दुरून साइन आउट केलं तरी उतरलेली प्रत तिथे राहू शकते. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यात तुमचं नाव किंवा फोटो असलेलं प्रोफाइल दिसलं तर ते प्रोफाइलच काढून टाका. आणि त्यानंतर `passwords.google.com` वर तुमची जी जी खाती दिसतील त्यांचे पासवर्ड बदलायला घ्या, बँकेपासून सुरुवात करून. भाचीने सिंक केलं नव्हतं, त्यामुळे ही वेळ आली नाही.

प्रिंटसाठी व्हॉट्सअॅप वेब उघडलं असेल तर त्याचं काम सोपं आहे. फोनवर व्हॉट्सअॅपमध्ये Linked devices उघडा, जे ओळखीचं नाही त्यावर दाबून Log out करा. तिथे पासवर्डच नसतो, त्यामुळे बदलायचंही काही नसतं.

तपासताना अनोळखी साइन इन, तुम्ही न पाठवलेली मेलं किंवा तुम्ही न मागितलेले पासवर्ड बदलाचे कोड दिसले, तर ते पुसू नका. स्क्रीनशॉट घेऊन `cybercrime.gov.in` वर तक्रार करा. पैसे गेले असतील तर आधी 1930 वर फोन लावा, तिथे उशीर महागात पडतो.

पुढच्या वेळी बसताना

शक्यतो लॉगिन करूच नका. नुसती प्रिंट हवी असेल तर फोनवरून तेवढीच फाइल दुकानाच्या मेलवर पाठवा आणि प्रिंट निघाली की समोर पुसून घ्या. फाइल गेली तरी खातं जात नाही. लॉगिन करावंच लागलं तर आधी `Ctrl+Shift+N` ने इन्कॉग्निटो खिडकी उघडा. उठताना लॉगआउट करा आणि इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद करा. लॉगआउट राहून गेलं आणि एकही खिडकी उघडी राहिली तर शिक्का जिवंत राहतो. लाइट गेली तर मात्र यात फायदा आहे, कारण इन्कॉग्निटोचं सेशन मशीन परत सुरू झाल्यावर उघडत नाही. पण टायपिंग टिपणाऱ्या प्रोग्रामपुढे इन्कॉग्निटोचं काही चालत नाही, आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड वापरूनही खात्री नसते, कारण असे प्रोग्राम पडद्याचे फोटोही घेतात. म्हणून कॅफेत पासवर्ड टाकला असेल तर सगळं नीट बंद केलं असलं तरी खोलीवर आल्यावर फोनवरून तो बदलायचा.

भाचीने आठव्या दिवशी परत यादी उघडून मला स्क्रीनशॉट पाठवला. उपकरणांत एकच फोन, रिकव्हरीत तिचा नंबर आणि ताईचा मेल. 47 वाला नंबर आता कुठेच नव्हता.